सिग्नल लाल, गाडी बेहाल!

सीन ओळखीचा आहे. संध्याकाळचे साडेसात, ऑफिस सुटलेलं, एसी ऑन, एफएमवर गाणं. समोर सिग्नल लाल होतो. तुम्ही अॅक्सिलरेटर सोडता, क्लच दाबता, ब्रेक मारता... आणि गाडी थांबता थांबता इंजिनही थांबतं. डॅशबोर्डवर लाल दिव्यांची दिवाळी. मागचा रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवूनच जन्माला आलेला. चावी फिरवली की गाडी लगेच स्टार्ट होते, पुढच्या सिग्नलपर्यंत मस्त पळते, आणि तिथे पुन्हा तेच!

मंडळी, हा बिघाड जाम फसवा आहे. कारण गाडी पळताना अगदी झकास असते. गॅरेजवाला टेस्ट ड्राइव्ह मारून येतो आणि म्हणतो, ‘‘काही नाही मॅडम, ठीक आहे की!’’ मग सुरू होतो अंदाजपंचे कार्यक्रम. प्लग बदला, कॉइल बदला, फ्युएल पंप बदला. बिल वाढत जातं आणि सिग्नलला गाडी बंद पडतच राहते.

या वेळच्या कॉलमात आपण याच एका दुखण्याच्या मुळाशी जाऊया. त्यासाठी माझ्या एका मैत्रिणीच्या गाडीची केस घेते. ती कोथरूडला राहते, नोकरी हिंजवडीत. गाडी 2013ची, पेट्रोल, 1.2 लिटर इंजिनाची हॅचबॅक, 78 हजार किलोमीटर चाललेली. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी. आणि एका सोमवारी नळ स्टॉपच्या सिग्नलला गाडी बंद पडायला सुरुवात झाली.

सिग्नललाच का?

आधी थोडा फंडा समजून घेऊ. पेट्रोल इंजिन हवा किती आत येते यावर चालतं. पेट्रोल किती टाकायचं ते गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, हवेच्या हिशोबाने ठरवतो. आणि हवेच्या वाटेवर एक झडप असते. अॅल्युमिनियमच्या जाड नळीत बसवलेली गोल चकती, दाराच्या बिजागरीसारखी मधोमध फिरणारी. ती नळी म्हणजे थ्रॉटल बॉडी. गॅरेजमध्ये चकतीला बटरफ्लाय म्हणतात. तुम्ही अॅक्सिलरेटर दाबता तेव्हा खरं तर पेट्रोल नाही, ही झडप उघडत असते.

आता पाय काढला की झडप जवळजवळ बंद होते. पण पूर्ण बंद झाली तर इंजिन गुदमरेल. म्हणून आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं गुरगुरत ठेवायला, थोडीशी हवा जाऊ द्यावी लागते. जुन्या, केबलवाल्या गाड्यांत ही हवा एका बाजूच्या छोट्या वाटेने जाते आणि त्या वाटेवर एक छोटा मोटरवाला व्हॉल्व्ह असतो, त्याला आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह म्हणतात. नव्या गाड्यांत केबलच नसते. झडपेलाच मोटर जोडलेली असते आणि ईसीयू ती झडप केसभर उघडी धरून ठेवतो.

किती हवा? साधा हिशोब करू. 1.2 लिटरचं इंजिन 750 आरपीएमवर गुरगुरत असताना मिनिटाला साधारण दीडशे लिटर हवा ओढतं. तेच इंजिन 6000 आरपीएमवर फुल थ्रॉटल पळताना तीन हजार लिटर ओढतं. म्हणजे आयडलिंगची हवा त्याच्या विसाव्या हिश्शाएवढी. ती सगळी झडपेच्या कडेच्या चिरेतून जायची. त्या चिरेत कागदाच्या जाडीएवढा काळा थर बसला तर पळताना काहीच फरक पडणार नाही, कारण झडप सताड उघडी आहे. पण सिग्नलला झडप मिटली की तोच थर इंजिनाचा गळा आवळणार. म्हणून गाडी पळताना राणी आणि सिग्नलला आजारी.

थांबण्याचा क्षण आणखी एका कारणाने नाजूक असतो. गिअरमध्ये असताना तुम्ही पाय काढता तेव्हा ईसीयू पेट्रोल पूर्णच बंद करतो, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. मायलेजसाठी केलेली ही सोय. आरपीएम बरेच खाली आले किंवा तुम्ही क्लच दाबला की पेट्रोल पुन्हा सुरू होतं आणि पडणारा काटा 750च्या आसपास झेलायचा असतो. हा कॅच पकडायला हवा कमी पडली तर काटा 700, 500, 400 असा घसरतो आणि खेळ खल्लास. त्यात एसीचा कॉम्प्रेसर, हेडलाइट, रेडिएटरचा पंखा यांचं ओझं असतंच. म्हणून एसी चालू असताना हा प्रकार जास्त दिसतो.

हा काळा थर येतो कुठून?

एअर फिल्टर तर नियमित बदलतो, मग घाण कशी? बहुतेक घाण बाहेरून येतच नाही, ती इंजिनाच्या पोटातून येते. पिस्टनच्या बाजूने थोडा जळका वायू खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो. पूर्वी तो बाहेर सोडून देत, पण प्रदूषणाच्या नियमांमुळे तो आता एका रबरी नळीने परत इंजिनाच्या हवेत सोडतात, जळून जावा म्हणून. त्या वायूसोबत ऑइलची वाफ येते. गरम इंजिन बंद केलं की ही वाफ थ्रॉटलच्या भिंतीवर बसते, बारीक धूळ तिला चिकटते आणि हळूहळू तपकिरी-काळा चिकट लेप तयार होतो. रोज चार-पाच किलोमीटर जायचं, थांबायचं, पुन्हा निघायचं, असा शहरी वापर असेल तर हा लेप लवकर जमतो.

पण हे वर्षानुवर्षं चालू असतं. मग मैत्रिणीची गाडी अचानक सोमवारीच का बिघडली? इथेच केसमध्ये ट्विस्ट आहे.

आरोपी नंबर एक : नवी बॅटरी

आदल्या शनिवारी तिने बॅटरी बदलली होती. जुनी चार वर्षांची, सकाळी सेल्फ मारायला कुरकुरत होती. दुकानवाल्याने दहा मिनिटांत नवी बसवून दिली. सोमवारपासून हे सुरू. साहजिकच संशय बॅटरीवर आणि अल्टरनेटरवर. दुकानवाल्याने तपासलं. इंजिन चालू असताना 14 व्होल्टच्या वर चार्जिंग, म्हणजे सगळं ठीक.

मग ती एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथे त्यांनी बॅटरीची वायर काढून ‘‘ईसीयू रिसेट’’ केला. दुसऱ्या दिवशी गाडी जास्तच बंद पडायला लागली. आता त्यांचं निदान : फ्युएल पंप. कोटेशन साडेसात हजार. मैत्रिणीने मला फोन केला, ‘‘अगं, करून टाकू का?’’

फ्युएल पंपाबद्दल एक साधा तर्क वापरता येतो. पंप कमजोर झाला की त्रास कधी होणार? जेव्हा पेट्रोल जास्त लागतं तेव्हा. कात्रजच्या घाटात, चार माणसं बसवून, तिसऱ्या गिअरमध्ये चढताना. आयडलिंगला पेट्रोल सगळ्यात कमी लागतं. घाटात मस्त चढणारी आणि फक्त सिग्नलला मान टाकणारी गाडी पंपाची तक्रार करत नसते. तिची तक्रार हवेची असते.

ती गाडी घेऊन आम्ही वारज्याच्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेलो. तिथले काका तीस वर्षं हेच करतायत. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारला, ‘‘ताई, बॅटरी कधी काढली होती का?’’

आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो.

काकांनी समजावलं ते असं. झडपेवर थर वाढत जातो तसतसा ईसीयू शिकत जातो. पूर्वी 750 आरपीएम धरायला झडप जितकी उघडावी लागायची तितकी आता पुरत नाही, तर आणखी थोडी उघडू, आणि हा नवा आकडा लक्षात ठेवू. याला अॅडॅप्टेशन म्हणतात. वर्षानुवर्षं ईसीयू असा गुपचूप सांभाळून घेत होता आणि मैत्रिणीला काहीच कळत नव्हतं. अनेक गाड्यांत बॅटरीची वायर काढली की ही पाठ केलेली शिकवणी पुसली जाते. ईसीयू पुन्हा कारखान्यातल्या आकड्यावर येतो. तो आकडा असतो नव्या कोऱ्या, स्वच्छ झडपेचा. झडप मात्र 78 हजार किलोमीटरची मळकी. हवा कमी पडली, गाडी बंद. नव्या बॅटरीने बिघाड केला नव्हता. आधीपासून असलेल्या बिघाडावरची चादर तेवढी काढली होती. आणि वर्कशॉपच्या ‘‘रिसेट’’ने दोन दिवसांत ईसीयूने जे थोडंफार पुन्हा शिकून घेतलं होतं, तेही पुसून टाकलं!

स्कॅनर काय म्हणाला?

काकांनी स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये स्कॅनर लावला. चेक इंजिनचा दिवा लागला नव्हता, पण मेमरीत एक कोड वेटिंगला होता : P0506. याचा अर्थ, आयडलिंगचे आरपीएम अपेक्षेपेक्षा कमी. याचा भाऊ आहे P0507, म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त. हे दोन नंबर लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

मग काकांनी लाइव्ह डेटा लावला. इंजिन गरम, कूलंट 88 अंश. ईसीयूला हवे होते 750 आरपीएम. प्रत्यक्षात काटा 600 ते 700मध्ये डुचमळत होता. काकांनी एसी लावला, काटा 500च्या खाली गेला, इंजिन थरथरलं, कसंबसं सावरलं. दुसऱ्यांदा लावला तेव्हा बंदच पडलं. मग त्यांनी अॅक्सिलरेटरला अगदी हलका पाय लावून 1000 आरपीएमवर ठेवलं आणि एसी लावला. इंजिन लोण्यासारखं. म्हणजे हवेची वाट जरा उघडली की सगळं ठीक. कोणताही पार्ट न खोलता निदान जवळजवळ पक्कं झालं.

थ्रॉटलची रबरी नळी काढून टॉर्च मारला तर झडपेच्या मागच्या बाजूला आणि कडेला काळ्या डांबरासारखा गोल पट्टा दिसला. बोटाने पुसलं तर बोट काळं. पुढची बाजू मात्र बऱ्यापैकी स्वच्छ होती. म्हणूनच कुणी नुसतं वरवर बघून ‘‘साफ आहे’’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका. घाण झडपेच्या पाठीमागे आणि मिटण्याच्या रेषेवर असते.

सफाई : अर्ध्या तासाचं काम, चार पथ्यं

पहिलं पथ्य, बोटाने झडप ढकलायची नाही. केबलवाल्या गाडीत केबलची कडी फिरवून झडप उघडता येते, तिथे काही भीती नाही. पण मोटरवाल्या झडपेच्या आत प्लॅस्टिकचे छोटे गिअर असतात. जोर लावला तर ते तुटू शकतात किंवा झडपेचा आकडाच चुकतो. आणि चावी ऑन असेल तर मोटर अचानक झडप मिटवू शकते, बोट आत असेल तर काय होईल सांगायला नको. काकांनी चार बोल्ट काढून आणि वायरचा कप्लर सोडवून थ्रॉटल बॉडी सरळ टेबलावर घेतली. पाच मिनिटं जास्त, पण काम नीट.

दुसरं पथ्य, स्प्रे योग्य हवा. बाजारात थ्रॉटल बॉडी क्लीनर नावाचा कॅन काही शे रुपयांना मिळतो. कार्ब्युरेटर क्लीनर जास्त कडक असतो. काही थ्रॉटल बॉडींना आतून कारखान्यातच एक पातळ लेप दिलेला असतो, तो कडक केमिकलने किंवा घासण्याने निघतो. म्हणून घासणी, वायर ब्रश, पॉलिश पेपर बंद. काका म्हणाले, ‘‘ताई, इथं ताकद नाही, धीर लागतो.’’ स्प्रे कापडावर मारायचा, सूत न सुटणाऱ्या कापडाने पुसायचं, कडेला मऊ ब्रश, पुन्हा पुसायचं. सरळ नळीत धो-धो स्प्रे मारला तर तो मोटरच्या आणि सेन्सरच्या बेअरिंगमध्ये शिरतो. केबलवाल्या गाडीत आयडल व्हॉल्व्ह वेगळा काढून त्याचं टोक आणि त्याची वाट साफ करायची, पण व्हॉल्व्हची मोटर भिजवायची नाही.

तिसरं पथ्य, परत बसवताना गॅस्केट बघायचं. दबून चपटं झालं असेल तर नवं टाकायचं. इथे कंजुषी केली तर आपणच एक नवा बिघाड तयार करतो, त्याबद्दल पुढे सांगते.

चौथं पथ्य सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं : आयडल री-लर्न. झडप साफ झाली, पण ईसीयूला कोण सांगणार? तो मळक्या झडपेसाठी शिकलेल्या आकड्यावर अडून असतो आणि आता तेवढ्याच उघडण्यातून हवा जास्त जाते. मैत्रिणीची गाडी सफाईनंतर स्टार्ट केली तर काटा थेट 1100वर! तिचा चेहरा पडला. काका हसले, ‘‘हे व्हायलाच पाहिजे.’’ त्यांनी स्कॅनरमधून थ्रॉटल अॅडॅप्टेशनचा मेनू चालवला. मग इंजिन गरम होऊन पंखा एकदा फिरून बंद होईपर्यंत गाडी उभी ठेवली, एसी, लाइट, म्युझिक सगळं बंद. दहा मिनिटांनी एसी लावून आणखी पाच मिनिटं. काटा 750वर येऊन बसला आणि एसी लावल्यावर थोडा वर जाऊन तिथेच थांबला.

री-लर्नची पद्धत प्रत्येक मॉडेलची वेगळी. काही गाड्या चालता चालता स्वतःच शिकतात, काहींना स्कॅनर लागतोच, काहींत चावी आणि अॅक्सिलरेटरचा ठरलेला क्रम असतो. म्हणून गॅरेजला सफाईआधीच विचारा, ‘‘माझ्या मॉडेलची री-लर्नची पद्धत माहीत आहे ना?’’ उत्तर ‘‘गरज नाही’’ असं आलं तर सावध व्हा.

उलटा आजार : हवेची चोरी

आता नाण्याची दुसरी बाजू. मळक्या झडपेत हवा कमी पडते. पण काही गाड्या नेमक्या उलट कारणाने सिग्नलला बंद पडतात : चोरवाटेने जास्त हवा आत शिरते. याला व्हॅक्यूम लीक म्हणतात.

आयडलिंगला झडप मिटलेली असल्याने तिच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, हवेचा दाब खूप कमी असतो. बाहेरच्या दाबाच्या साधारण तिसरा हिस्सा. त्या भागाला जोडलेली कुठलीही रबरी नळी चिरली, कुठलंही गॅस्केट सुकलं, की बाहेरची हवा सूं-सूं करत आत ओढली जाते. ही हवा मोजली गेलेली नसते, त्यामुळे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असं मिश्रण होतं. इंजिन झटके देतं, काटा वर-खाली नाचतो आणि थांबताना कधी कधी जीव सोडतं.

मग दोन्ही आजार वेगळे कसे ओळखायचे? मळक्या झडपेत काटा साधारण खाली असतो, हलका पाय लावला की इंजिन शांत होतं आणि एसी लावल्यावर त्रास वाढतो. लीकमध्ये बरेचदा काटा वरच अडकतो किंवा 700 ते 1200मध्ये झोके घेतो. पहिल्याचा कोड P0506, दुसऱ्याचा P0507 किंवा मिश्रण पातळ झाल्याचा P0171. कोड आलाच पाहिजे असं मात्र नाही.

स्कॅनर असेल तर आणखी एक खात्रीची खूण मिळते. फ्युएल ट्रिम नावाचे आकडे बघायचे. ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल टाकतोय ते हे आकडे सांगतात. शून्याच्या आसपास पाच-सात टक्के इकडे तिकडे चालतं. ज्या गाड्यांत आत येणारी हवा थेट मोजणारा सेन्सर, म्हणजे मास एअरफ्लो सेन्सर असतो, तिथे आयडलिंगला ट्रिम अधिक 20 आणि 2500 आरपीएमवर तोच अधिक 4 असेल, तर लीक समजा. कारण चोरवाटेची हवा तेवढीच राहते, पण एकूण हवा वाढल्यावर तिचा हिस्सा क्षुल्लक होतो. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांत मात्र हवा थेट न मोजता दाबावरून काढतात. तिथे लीक झाला की दाब वाढतो, ईसीयू त्या हिशोबाने पेट्रोलही वाढवतो, त्यामुळे ट्रिम फारसा हलत नाही, पण आरपीएम चढतात. ईसीयू झडप मिटवत मिटवत जवळजवळ तळाला नेतो आणि तरी काटा खाली येत नाही. नुसता ट्रिम बघून ‘‘लीक नाही’’ म्हणणारा मेकॅनिक इथेच चुकतो.

लीक शोधायचा कसा? काकांनी आमच्या गाडीचीही हीच तपासणी केली, फक्त खात्री करायला. आधी कानाने, रेडिओ बंद करून, सूं-सूं आवाज येतोय का. मग झडपेपलीकडच्या रबरी नळ्या एक एक करून मऊ पकडीने दाबून बघितल्या. एखादी दाबल्यावर काटा बदलला तर गुन्हेगार त्या नळीच्या पलीकडे. मग साध्या पाण्याच्या स्प्रेने, वायरिंग सांभाळून, गॅस्केटच्या कडेला फवारा. भेगेत पाणी क्षणभर अडकलं तर इंजिनाचा सूर बदलतो. काही जण यासाठी पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात. गरम एक्झॉस्टच्या शेजारी हा उद्योग म्हणजे आगीला आमंत्रण. मोठ्या गॅरेजमध्ये धुराचं मशीन असतं, ते इनटेकमध्ये धूर भरतं आणि धूर जिथून बाहेर येईल तिथे भेग. सगळ्यात स्वच्छ पद्धत हीच. मैत्रिणीच्या गाडीत काहीच सापडलं नाही, नळ्या धडधाकट होत्या.

एक लीक मात्र प्रत्येकाने घरच्या घरी तपासावा, कारण तो ब्रेकशी जोडलेला आहे. ब्रेक हलका लागावा म्हणून पेडलच्या पलीकडे एक मोठा डबा असतो, ब्रेक बूस्टर. त्याला ताकद इंजिनाच्या याच व्हॅक्यूममधून मिळते. त्याची नळी किंवा आतला पडदा फाटला तर ब्रेक दाबल्यावरच हवा आत शिरते. म्हणजे बिघाड नेमका सिग्नलला, नेमका ब्रेक मारताना! गाडी उभी, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. ब्रेक पेडल दाबून धरा. काटा क्षणभर हलून परत जागेवर आला तर चालेल. दाबून धरलेला असेपर्यंत काटा बिघडलेलाच राहिला किंवा पायाशी सूं-सूं ऐकू आलं, तर थ्रॉटल सफाईचा विचार सोडा आणि आधी बूस्टर दाखवा. दुसरी तपासणी : इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. पाय तसाच ठेवून स्टार्ट करा. पेडल थोडं खाली बसलं पाहिजे. नाही बसलं तर बूस्टरला व्हॅक्यूम पोचत नाहीये.

चालत्या गाडीत बंद पडली तर

हा आजार नुसता लाजिरवाणा नाही, धोकादायकही आहे. इंजिन बंद पडलं की बूस्टरमध्ये एक-दोनदा दाबण्यापुरतीच ताकद उरते, मग पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होऊ शकतं. म्हणून घाबरून ब्रेक पंप करत बसू नका. एकदाच, घट्ट, पूर्ण दाबा आणि गाडी थांबेपर्यंत पाय उचलू नका. पेडल कडक झालं तरी ब्रेक लागतात, फक्त ताकद जास्त लावावी लागते. चावी पूर्ण ऑफ करून काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. थांबल्यावर हॅझर्ड लाइट, न्यूट्रल, मग स्टार्टर. गॅरेजपर्यंत पोचायचं असेल तर एसी बंद ठेवा. एवढ्याने इंजिनावरचं ओझं कमी होतं आणि बरेचदा गाडी तग धरते.

आणि गाडी चालतानाही अचानक बंद पडत असेल, गरम झाल्यावर अर्धा अर्धा तास स्टार्टच होत नसेल, तर ती केस वेगळी. तिथे थ्रॉटल साफ करून काही होणार नाही. क्रँक सेन्सर, इग्निशन किंवा पेट्रोलचा पुरवठा बघावा लागेल.

दर सर्व्हिसला सफाई? नको!

आता शेवटचा मुद्दा, खिशाचा. हल्ली सर्व्हिस अॅडव्हायझर दर दहा हजार किलोमीटरला ‘‘थ्रॉटल बॉडी क्लीनिंग’’ बिलात टाकायला बघतात. दर वेळी त्याची गरज नसते. काटा जागेवर असेल, एसी लावल्यावर इंजिन दचकत नसेल, तर उगाच उघडायचं कशाला? उलट सफाईनंतर री-लर्न केलं नाही तर चांगली गाडी बिघडते. झडपेची पाठ बघा, काळा पट्टा दिसला आणि त्रासही असेल, तरच सफाई.

मैत्रिणीचं बिल झालं नऊशे रुपये, त्यात गॅस्केट आलं. साडेसात हजारांचा फ्युएल पंप वाचला. काकांनी जाताना एक सल्ला दिला, तो तुम्हीही लिहून ठेवा. जुन्या गाडीची बॅटरी बदलायची असेल तर दुकानदाराला मेमरी सेव्हर लावायला सांगायचं. हे छोटं उपकरण बॅटरी काढलेली असताना ईसीयूला वीज पुरवत राहतं, त्यामुळे शिकलेलं पुसलं जात नाही. त्याच्याकडे ते नसेल, तर बॅटरी बसवल्यावर लगेच रस्त्यावर पळू नका. एसी बंद ठेवून गाडी दहा-पंधरा मिनिटं उभ्या उभ्या चालू द्या, मग एसी लावून पाच मिनिटं, आणि काटा बघा. तो 600च्या आसपास डुचमळत असेल, तर सिग्नल यायच्या आधीच गॅरेज गाठा.